एक टक्क्याचा हिशेब : आमची वाटचाल

सोलापुरी टॉवेल आणि चादरी विकणारी आमची पेढी २०१६ साली ऑनलाइन मार्केटप्लेसवर गेली, तेव्हा पैसे गोळा करण्याची कटकट संपली याचेच आम्हांला समाधान होते. ग्राहक मार्केटप्लेसला पैसे देई आणि ते आपले कमिशन व वाहतूक खर्च कापून उरलेली रक्कम आमच्या खात्यात जमा करी. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्या हिशेबपत्रकात ‘टीसीएस’ नावाची एक ओळ वाढली. तेही एखादे नवे कमिशनच असावे, अशा समजुतीने आम्ही ती पहिले काही महिने खर्चात लिहिली, आणि ही चूक सर्वस्वी आमचीच होती.

टीसीएस म्हणजे उगमाशीच गोळा केलेला कर; ती रक्कम खर्च नव्हतीच. जीएसटी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मार्केटप्लेसने आमच्या करपात्र विक्रीच्या निव्वळ मूल्यावर, म्हणजे विक्रीतून परत आलेला माल वजा करून आणि जीएसटी न धरता, कर कापून सरकारात भरायचा असतो; तेव्हा तो एक टक्का होता. पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत ते जीएसटीआर-८ हे विवरणपत्र भरतात. मग जीएसटीच्या पोर्टलवर ती रक्कम आमच्या नावावर दिसते. आम्ही ती तपासून स्वीकारली, की पोर्टलवरील आमच्या रोख खातेवहीत जमा होते. आम्ही स्वीकारतच नव्हतो, त्यामुळे आमचेच पैसे आमच्या हाती येत नव्हते.

एका दिवाळीचा हिशेब येथे देतो. ऑक्टोबरात ६,४०,००० रुपयांचा माल गेला आणि ६०,००० रुपयांचा परत आला. निव्वळ ५,८०,००० रुपयांवर ५,८०० रुपये कापले गेले. त्यांपैकी ५,००,००० रुपयांची विक्री परराज्यांत असल्याने ५,००० रुपये आयजीएसटीच्या रकान्यात, तर महाराष्ट्रातील ८०,००० रुपयांच्या विक्रीपोटी सीजीएसटी व एसजीएसटीत प्रत्येकी ४०० रुपये जमा झाले. नोव्हेंबरात विक्री १,१०,००० रुपयांची झाली, पण सणानंतर १,४०,००० रुपयांचा माल परतला. अशा वेळी निव्वळ मूल्य उणे दाखवता येत नाही आणि ती उणीव पुढच्या महिन्यातही वळती होत नाही. प्रत्यक्षात टिकलेली विक्री ५,५०,००० रुपयांची असताना कर ५,८०,००० रुपयांवर कापलेला राहिला. जास्तीचे ३०० रुपये बुडाले नाहीत, कारण ते आमच्याच खातेवहीत होते. तरीही विक्री आणि टीसीएस यांचा मेळ महिन्यागणिक तंतोतंत बसेल अशी अपेक्षा तेव्हापासून आम्ही सोडली.

मात्र प्रत्येक तफावत इतकी निरुपद्रवी नसते. ३१ तारखेच्या ऑर्डरीचे बिल आम्ही त्याच दिवशी करीत असू, पण माल दोन दिवसांनी निघे आणि मार्केटप्लेस ती विक्री पुढच्या महिन्यात धरी. त्यांचे विवरणपत्र आणि आमचे विवरणपत्र यांतील फरक दुरुस्त झाला नाही, तर तो आमच्या करदायित्वात व्याजासह वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. तेव्हापासून माल निघतानाच बिल होते, आणि १० ते २० तारखेच्या दरम्यान, जीएसटीआर-३बी हे आमचे मासिक विवरणपत्र भरण्याआधी, आमच्या मुनीमजी दोन्ही आकडे समोरासमोर ठेवतात.

सरकारला हा खटाटोप का हवा, हे त्या ताळमेळातूनच आम्हांला उमगले. असंख्य विक्रेत्यांपैकी प्रत्येकाने किती विकले हे विचारत फिरण्यापेक्षा, ज्यांच्या हातून सगळा पैसा जातो अशा मोजक्या मध्यस्थांकडून कापून घेणे आणि त्याच वेळी विक्रीचा आकडाही मिळवणे स्वस्त पडते. शिवाय मध्यस्थाला विक्री लपवण्यात स्वारस्य नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते दिले जात, तसा हा प्रकार नव्हे. मक्तेदार ठरलेल्या रकमेवरचे स्वतःकडे ठेवी, मार्केटप्लेसला यातून काहीच उरत नाही. १० जुलै २०२४ पासून हा दर निम्म्यावर, अर्ध्या टक्क्यावर आला. रक्कम घटली तरी माहिती तेवढीच मिळत राहिली, यावरून सरकारला मुख्यतः काय हवे होते ते माझ्या मते स्पष्ट होते.

भार पडतो तो आमच्या खेळत्या भांडवलावर. सूत आणि बांधणीच्या सामानावर भरलेल्या कराचे क्रेडिट आमच्याकडे बहुधा पुरेसे असते, म्हणून विक्रीवरचा कर त्यातूनच भागतो आणि टीसीएसची रोख रक्कम साचत जाते. एका रकान्यातील रोख दुसऱ्यात न्यायची तर पीएमटी-०९ हा फॉर्म आहे. पण आम्हांला मुळात रोख देणेच नसेल, तर रोख खातेवहीतील जादा शिलकीच्या परताव्यासाठी आरएफडी-०१ अर्ज करावा लागतो. आता आम्ही तो दर तिमाहीला करतो.