250 गुण, 180 मिनिटे: मुख्य परीक्षेतला माझा हिशेब

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाची प्रत्येक प्रश्नपत्रिका 250 गुणांची असते आणि तिला तीन तास मिळतात. पेपर एक ते तीनमध्ये 10 गुणांचे दहा आणि 15 गुणांचे दहा असे वीस प्रश्न असून सगळे सोडवायचे असतात. 180 मिनिटांना 250 ने भागले, तर एका गुणाला 0.72 मिनिट येते, म्हणजे 10 गुणांच्या प्रश्नाला 7.2 आणि 15 गुणांच्या प्रश्नाला 10.8 मिनिटे. दशांश सोडून 7 आणि 10 धरले, की वीस उत्तरे 170 मिनिटांत बसतात आणि दहा मिनिटे उरतात. त्यांतली पाच मी सुरुवातीच्या वाचनासाठी आणि पाच शेवटासाठी ठेवली.

हा हिशेब कागदावर सोपा असला, तरी हाताला तो ठाऊक नसतो. म्हणून पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवू लागलो. पहिल्या काही वेळा घाई न करता नेहमीसारखे लिहायचे आणि प्रत्येक उत्तर संपले, की समासात वेळ टिपायची, एवढेच ठरवले होते. त्या नोंदींवरून दिसले, की वेळ अवघड प्रश्नांत फारसा जात नव्हता, तो चांगल्या येणाऱ्या प्रश्नांत जात होता. माहिती भरपूर असली, की 10 गुणांचे उत्तरही दोन पाने ओलांडते. आयोगाच्या उत्तरपुस्तिकेत अशा उत्तराला दोन आणि 15 गुणांच्या उत्तराला तीन पाने नेमून दिलेली असतात. त्यामुळे सरावासाठीही मी तेवढीच पाने आखून घेतली. पहिले पान संपताना साडेतीन मिनिटे उलटली नसतील, तर उत्तर वेळेत आहे, ही खूण घड्याळाइतकीच उपयोगी पडली.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराला आणखी एक खर्च असतो. प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच छापलेले असतात, उत्तर मात्र मराठीत लिहायचे. 2023 च्या पहिल्या पेपरात शिक्षण आणि राष्ट्रवाद यांकडे पाहण्याच्या महात्मा गांधी आणि रवींद्रनाथ टागोर यांच्या दृष्टिकोनांत काय फरक होता, असा 10 गुणांचा प्रश्न होता. तो समजून घेऊन मनात मराठीत मांडायला आणि पेन्सिलीने चार शब्दांचा सांगाडा करायला माझे एक मिनिट जाते. दोन व्यक्ती आणि दोन विषय म्हणजे चार खाने झाले. प्रस्तावनेच्या एका वाक्याला अर्धे मिनिट, प्रत्येक खान्याला सव्वा मिनिट आणि समारोपाला अर्धे मिनिट दिले, की सात मिनिटे भरतात. गांधींच्या नई तालीमवर मला एक पान सहज लिहिता आले असते, पण मग टागोरांच्या राष्ट्रवादावरील टीकेला जागा उरली नसती आणि प्रश्न तर फरकाबद्दल होता. शिवाय 150 शब्द ही वरची मर्यादा आहे. सहा मिनिटांत लिहायचे, तर मिनिटाला पंचवीस शब्द होतात, आणि मला अक्षर वाचनीय ठेवून तेवढाच वेग जमतो. 15 गुणांच्या उत्तरात याच कारणाने मी 250 शब्दांचा हट्ट सोडला आणि दोनशेच्या आसपास थांबू लागलो.

प्रत्येक उत्तरानंतर घड्याळ पाहिले, तर लिहिण्याचा ओघ तुटतो. म्हणून मी चारच टप्पे पाठ केले: पाच उत्तरे 40 व्या मिनिटाला, दहा 75 व्या, पंधरा 125 व्या आणि वीस 175 व्या. पेपर सुरू होताच मनगटावरचे साधे काट्यांचे घड्याळ बारावर लावायचे, म्हणजे सकाळचा पेपर असो वा दुपारचा, काटे तेच सांगतात.

मुख्य परीक्षा मी मुंबईच्या केंद्रावर दिली. पहिल्याच पेपरात पर्यवेक्षकांच्या सहीत आणि एका लांबलेल्या उत्तरात दहावे उत्तर 80 व्या मिनिटाला संपले. पाच मिनिटांची ही तूट पुढच्या एकाच प्रश्नातून भरून काढली, तर ते उत्तर अर्धे राहते. म्हणून अकरा ते पंधरा या प्रत्येक उत्तरातून एकेक मिनिट घेतले आणि 125 व्या मिनिटाला जाग्यावर आलो. सतराव्या प्रश्नात एक मुद्दा आठवेना, तेव्हा वाक्य तिथेच सोडून पुढे गेलो. प्रत्येक प्रश्नाची जागा ठरलेली असल्याने राखून ठेवलेल्या पाच मिनिटांत परत येऊन ते पूर्ण करता आले.

दुपारच्या पेपराला मात्र बोटे आखडलेली असतात. म्हणून शेवटच्या आठवड्यांत एकाच दिवशी दोन प्रश्नपत्रिका सोडवायचा नेम ठेवला होता, आणि त्यांतल्या दुसरीत 15 गुणांच्या प्रश्नांवर माझा वेग नक्की किती घसरतो हे आधीच कळले होते. दुसऱ्या पेपरात त्या प्रश्नांसाठी मी सुरुवातीपासूनच एक मुद्दा कमी धरला.