फोन नको, पण पहाटे उठवा: रात्रपाळीच्या ऑपरेटरचा माझा अनुभव

पुण्यातल्या एका हॉटेलात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा रात्रपाळीला एकटीने बसायची परवानगी लगेच मिळाली नाही. त्याआधी बोलण्याची स्क्रिप्ट सुपरवायझर मॅडमसमोर पास करावी लागायची. त्या मागच्या ऑफिसातून गेस्ट बनून फोन करायच्या आणि आम्ही बोर्डवरून उत्तर द्यायचं. साधा वेक-अप कॉल आणि साधं ‘डू नॉट डिस्टर्ब’ मला लवकर जमलं. वेळ गेला तो एकाच गेस्टला दोन्ही हवं असतं त्या प्रसंगावर.

पुण्यात हे रोजचं आहे. लग्नाला आलेला माणूस रात्री बाराला खोलीत येतो, त्याचं पहाटेचं विमान असतं नाहीतर सव्वासातची डेक्कन क्वीन, आणि मधल्या चार-पाच तासांत त्याला कुणाचाही फोन नको असतो. मॅडमनी मला दिलेली केस अशी होती: रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी 507 मधून फोन. “फोन देऊ नका कुणाचा. आणि उद्या पहाटे साडेचारला उठवा, सव्वापाचला टॅक्सी आहे.”

पहिली अडचण ‘उद्या’ची. बारा वाजून गेलेत, पण झोपला नाही तोवर गेस्टच्या मनात अजून कालचाच दिवस चालू असतो. त्यातून हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधली तारीख घड्याळाबरोबर बदलत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशेब बंद करण्याचं काम, संपल्यावर बदलते. बोर्डाचं घड्याळ मात्र बारालाच पुढच्या तारखेवर गेलेलं असतं. अशा वेळी ‘उद्या’ टाइप केलं तर कॉल एक दिवस उशिराने लागू शकतो, म्हणजे गेस्ट निघून गेल्यानंतर. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘आज’, वार आणि किती तासांनी हे तिन्ही मोठ्याने म्हणायचं: “म्हणजे आज, बुधवारी पहाटे, चार तीस. आतापासून साधारण चार तासांनी. बरोबर ना सर?” त्या ‘चार तासांनी’ने गेस्टच्याही डोक्यात लख्ख होतं.

वेळ आकड्यांतच परत म्हणायची. पावणेपाच आणि सव्वापाच आपल्याला सहज कळतात, बाहेरून आलेल्या माणसाचा मात्र त्यात घोटाळा होतो. खोलीही ‘पाच, शून्य, सात’ अशी सुटी म्हणायची आणि डिस्प्लेवर उमटलेल्या नंबरशी ताडून पाहायची. पुष्कळदा माणूस मित्राच्या खोलीतून फोन करतो आणि आपल्या खोलीसाठी कॉल सांगतो.

मग ‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे आमच्या भाषेत डीएनडी. इथे मला तीन प्रश्न पाठ करायला लावले. किती वाजेपर्यंत? कुणाचा फोन चालेल का, घरचा वगैरे? आणि फक्त फोन बंद ठेवायचा, की दारावरही कुणी यायचं नाही? फोनचा डीएनडी आम्ही बोर्डवरून लावतो आणि दारावरचा पाटीने किंवा लाल दिव्याने लागतो. गेस्ट दोन्हींना एकच नाव देतो, पण एक लावल्याने दुसरा आपोआप लागतोच असं नाही.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बऱ्याच जागी तो विचारलाच जात नाही: “सर, साडेचारचा आमचा कॉल डीएनडी असला तरी वाजेल. दोनदा फोन करूनही उत्तर आलं नाही तर आमच्या माणसाने येऊन दार वाजवलेलं चालेल का?” गेस्ट ‘हो’ म्हणाला की वेक-अप शीटवर खोली, नाव, तारीख आणि वेळेपुढे ‘दार वाजवणे: हो’ लिहायचं आणि आपली सही करायची.

त्या ओळीची किंमत पहाटे कळते. मॅडमनी केस पुढे नेली. साडेचारला मशीनचा कॉल गेला आणि रिंग वाजून बंद झाली. काही बोर्डांवर वेक-अप कॉल डीएनडी भेदून जातो, काहींवर तसं सेटिंग करून घ्यावं लागतं, म्हणून पाळी सुरू होताना रिकाम्या खोलीवर डीएनडी लावून एक कॉल तपासायचाच. मशीनने नुसती ‘उत्तर नाही’ची नोंद दिली की हाताने फोन. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. तरीही काही नाही, तर ड्यूटी मॅनेजरला कळवून बेलबॉय पाठवायचा. दारावर लाल दिवा पाहून तो थबकतो, आणि ते बरोबरच आहे, त्याला तसंच शिकवलेलं असतं. तेव्हा शीटवरचं ‘हो’ वाचून दाखवलं की तो निर्धास्तपणे दार वाजवतो. गेस्टने ‘नाही’ म्हटलं असेल तर काय करायचं ते ड्यूटी मॅनेजर ठरवतो, ऑपरेटरने स्वतः ठरवायचं नाही.

गेस्टने फोन उचलला तरी काम संपत नाही. अर्धवट झोपेतला माणूस ‘हं, हो’ म्हणून रिसीव्हर ठेवतो आणि परत कूस बदलतो. म्हणून “उठलात का?” असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर झोपेतही ‘हो’ येतं. विचार करून उत्तर द्यावं लागेल असं विचारायचं: “गुड मॉर्निंग सर, पहाटेचे चार तीस झालेत, हा तुमचा वेक-अप कॉल. चहा पाठवू की कॉफी?” ‘कॉफी, साखर कमी’ असं आलं की माणूस जागा आहे. नुसतं ‘हो’ आलं तर “दहा मिनिटांनी परत फोन करते” असं सांगून तो करायचाच. आवाज हळू पण स्पष्ट हवा. पहाटे खणखणीत बोललं तर माणूस दचकतो, आणि पुटपुटलं तर पुन्हा झोपतो.

मधल्या चार तासांत बाहेरून फोन आला तर? या भागात मॅडमनी मला फार घोळवलं. त्या आई बनल्या, मग ऑफिसचे साहेब, मग ‘मी त्याचा भाऊ, नुसता रूम नंबर सांगा’ म्हणणारा. उत्तर सगळ्यांना एकच: “ते सध्या फोन घेत नाहीयेत. मी निरोप लिहून घेते.” झोपलेत, बाहेर गेलेत, असलं काही बोलायचं नाही, कारण पहिलं त्यांचं खासगी आहे आणि दुसरं खोटं. रूम नंबर कुणालाच नाही. ‘मी इथे आहे हेच कुणाला कळू देऊ नका’ असं सांगणाऱ्या गेस्टची सूचना वेगळी असते. तिची नोंदही वेगळी होते आणि तिथे हे वाक्य चालत नाही.

आईचा सूर मात्र खरा घाबरलेला असेल तर? तेव्हा मी म्हणायला शिकले: “काकू, फोन ठेवू नका, मी आमच्या मॅनेजरना जोडते.” खोलीत फोन द्यायचा की नाही हे मॅनेजर ठरवतो, पण त्या बाईंना ताटकळत ठेवायचं नाही. असं झालं तर वेळ, नाव, नंबर आणि काय ठरलं, हे शीटवर त्याच ओळीत लिहायचं.

चहा-कॉफी ठरल्यावर फोन ठेवण्याआधी दोन वाक्यं उरतात. “सर, रात्री तुमच्यासाठी एक निरोप आलाय, आत्ता वाचून दाखवू का?” आणि “आता तुमचा फोन सुरू करते, चालेल ना?” दुसरं वाक्य राहून गेलं की डीएनडी तसाच लागलेला राहतो, आणि सव्वापाचला खाली टॅक्सी येऊन उभी राहिली तरी रिसेप्शनचा फोन खोलीत वाजत नाही. आमच्या शीटवर डीएनडी काढल्याच्या वेळेचा रकाना शेवटचा आहे, आणि तो भरेपर्यंत ती ओळ पूर्ण झाली असं धरत नाहीत.