धाकटीच्या बीपीचा तक्ता

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापुरात आली तेव्हा तिचा एकतिसावा आठवडा संपत आला होता. सामानात प्लास्टिकची एक पिशवी होती. तिच्यात सासरच्या गावच्या क्लिनिकचे केसपेपर, दोन सोनोग्राफीच्या फायली, माता-बाल संरक्षण कार्ड आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या. मी चौदा वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर आहे, त्यामुळे पिशवी हातात आल्यावर मी पहिल्यांदा बीपीच शोधलं. शेवटच्या केसपेपरवर लिहिलं होतं १३०/८०. नुसता आकडा बघितला तर त्यात काळजीचं काही नव्हतं.

तरी रात्री जेवणं झाल्यावर मी सगळे कागद फरशीवर तारखेप्रमाणे मांडले. एकेक कागद स्वतंत्र वाचला की प्रत्येक वेळी सगळं ठीकच दिसतं. आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी येईपर्यंत बीपीतलं काही कळत नाही.

भाच्याच्या वहीतले आलेखाचे दोन कागद जोडले. आडव्या रेषेवर आठवडे घेतले. कागदांवर नुसत्या तारखा होत्या, दोन ठिकाणी तर फक्त 'सातवा महिना', 'आठवा महिना'. पाळीच्या तारखेवरून आणि अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवरून येणाऱ्या आठवड्यांत नऊ दिवसांचा फरक पडत होता. एवढा फरक असला तर लवकरच्या सोनोग्राफीची तारीख धरतात, म्हणून मी सगळे आठवडे तिच्यावरून मोजले. उभ्या रेषेवर ५० ते १८० आकडे घालून १४० आणि ९० वर तांबडी रेघ मारली, १६० आणि ११० वर जाड तांबडी. पहिल्या रेघेवर दोनदा गेलं, मध्ये किमान चार तास ठेवून, तर तो गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब. जाड रेघ गाठली तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं आणि तसंच आलं तर सरळ दवाखाना गाठायचा. खाली लघवीतलं प्रोटीन, लक्षणं, बाळाची हालचाल आणि गोळ्या अशा ओळी आखल्या.

भरायला घेतल्यावर पहिली अडचण रिकाम्या जागांची आली. नऊ भेटींपैकी चार कागदांवर लघवीबद्दल काहीच नव्हतं. तिथं 'निल' लिहायचा मोह होतो, कारण आजूबाजूच्या भेटींत निलच असतं. पण तपासून काही निघालं नाही ही एक गोष्ट आणि तपासलंच नाही ही दुसरी. म्हणून तपासून काही न निघालेल्या जागी मी शून्य काढलं आणि न तपासलेल्या जागी आडवी रेघ. लक्षणांचंही तसंच केलं: विचारून 'नाही' म्हणाली तिथं शून्य, विचारल्याचा मागमूस नाही तिथं रेघ. भरून झालं तेव्हा लक्षणांच्या ओळीत बहुतेक रेघाच होत्या. मला खरं तर तेव्हाच काळजी वाटायला लागली.

दुसरी अडचण आकड्यांची. ११०/७०, १००/६०, ११०/७०, १२०/८०, १३०/८०. सगळे शून्यावर संपणारे. बीपीच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, इतक्या वेळा नेमकं शून्यच येत नाही. गर्दीत मोजणारा माणूस जवळचा गोल आकडा लिहितो. म्हणजे १३०/८० च्या मागं १३४/८४ सुद्धा लपलेलं असू शकतं. मी त्या ठिपक्यांभोवती छोटं वर्तुळ काढलं, 'अंदाजे' या अर्थानं.

शेवटच्या १३०/८० वर मी अडकले. हे तिसाव्या आठवड्यातलं. तिला विचारलं, "बीपी बघितलं तेव्हा बसली होतीस का झोपली होतीस?"

"झोपले होते ग ताई. बाळाचे ठोके ऐकून झाले, कुशीवर वळले, तसंच बघितलं त्यांनी."

"कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. पट्टा या हाताला." तिनं उजवा हात वर केला.

डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईचा उजवा हात वर राहतो, हृदयाच्या पातळीपेक्षा उंच. पट्टा तिथं बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, दहा-पंधरानं सुद्धा. आणि जुने आकडे बसून घेतलेले. म्हणजे हा ठिपका बाकीच्यांच्या रांगेत बसवताच येत नव्हता. मी तिथं 'कु' लिहिलं आणि त्या दिवशीची लघवीची चौकट बघितली: रेघ. लक्षणांत डॉक्टरांचा एक शब्द, 'ॲसिडिटी', आणि पित्ताची गोळी. एका दिवसाच्या उभ्या ओळीत खरा न वाटणारा आकडा, न तपासलेली लघवी आणि पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं, तिन्ही एकाखाली एक आले.

"कुठं दुखतंय नेमकं?" मी विचारलं. तिनं बरगड्यांच्या मध्ये, छातीच्या खाली हात ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आगं, वांग्याच्या भाजीनं झालं असंल." असंलही. सातव्या-आठव्या महिन्यात जळजळ बहुतेकींना होतेच. पण बीपी चढत असताना यकृतावर ताण आला तरी तिथंच दुखतं, आणि फरक पोटावर हात ठेवून कळत नाही, रक्त तपासूनच कळतो. म्हणून मी तक्त्यात 'ॲसिडिटी' हे निदान लिहिलं नाही, तिचे शब्द लिहिले: छातीखाली जळजळ, जेवणानंतर, आडवं झाल्यावर जास्त.

सकाळी तिला खुर्चीत बसवलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. दंड भरलेला असल्यामुळं मोठा पट्टा बांधला, कारण लहान पट्ट्यानं उलटा दोष येतो, आकडा फुगतो. १४२/९२ आलं. दुपारी पुन्हा, १४४/९४. घरचं मशीन मी आदल्या महिन्यातच कामावर नेऊन आमच्या यंत्राशी ताडून बघितलं होतं, चारच्या आत फरक होता. नाहीतर या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नसता. काही घरगुती मशीनं नेमकी प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीतून प्रोटीन जाण्याच्या आजारात, कमी दाखवतात.

लघवीच्या पट्टीची बाटली मी घरी आणली होती. मधल्या धारेची लघवी घ्यायची, आधी स्वच्छ धुवून, कारण अंगावरचं पांढरं मिसळलं की पट्टी उगाच रंगते. बुडवून काढली, कडेला निथळली, घड्याळात साठ सेकंद. प्रोटीनचा चौकोन पिवळ्याचा पोपटी झाला. बाटलीवरच्या रंगांशी धरला तर एक प्लस. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिच्या कागदावर 'ट्रेस' होतं, पण तेव्हा लघवीत पू पेशी होत्या, संसर्गाचं औषध झालं होतं आणि नंतरच्या भेटीत निल आलं होतं. म्हणून त्या ट्रेसला मी फक्त पेन्सिलनं खूण केली होती. आजच्या एक प्लसला तसं कारण दिसत नव्हतं.

त्याच दुपारी आमच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. मी तोंडी काही न सांगता तक्ता पुढं ठेवला. त्यांनी बोट ठेवलं ते आकड्यांवर नाही, 'कु'वर. "हे कुणी सांगितलं?" "तिनंच." त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, १४६/९४. पट्टीवर निदान ठरत नाही, म्हणून प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण पाठवलं. ते ०.३८ आलं. ०.३ च्या वर गेलं की प्रोटीन खरंच जातंय असं धरतात. प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या, म्हणजे जळजळ ही जळजळच होती. पण हे आम्हाला कळलं तपासल्यामुळं. निदान झालं प्रीएक्लॅम्प्सिया, अजून गंभीर लक्षणं नसलेला. दोन दिवस भरती, बीपीसाठी लॅबेटालॉल १०० मिलीग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ. त्याआधी दमा आहे का हे मॅडमनी दोनदा विचारलं, दमा असणाऱ्यांना ती चालत नाही.

घरी आल्यावर तक्ता बहिणीच्या ताब्यात गेला. बीपी दिवसातून दोनदा, दोन्ही वेळा गोळीच्या आधी, नाहीतर गोळीचा उतार दिसतो आणि खरी चढण लपते. लक्षणं मी तिला रोज त्याच क्रमानं विचारायचे: डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं काजवे किंवा धूसर, उजव्या बरगडीखाली दुखणं, उलटी, दम लागणं, तोंडावर अचानक सूज. आठवड्यातून दोनदा मॅडमना दाखवायचं, रक्त आठवड्याला.

हालचालीची ओळ मात्र जुन्या कागदांवरून काहीच उपयोगाची नव्हती. सगळीकडे 'हालचाल आहे', एवढंच. आम्ही रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपून दहा हालचालींना किती मिनिटं लागतात ते लिहायला लागलो. वीस, पंचवीस, अठरा, तीस. आठवड्याभरात तिच्या बाळाची सवय कळली. चौतिसाव्या आठवड्यात एका रात्री दोन तास झाले तरी सातच. आई म्हणाली, "बाळ झोपलं असंल, सकाळी बघू." मी थांबले नाही. रात्री अकराला रंकाळ्याजवळून रिक्षा मिळाली. बाळाच्या ठोक्यांची एनएसटीची पट्टी चांगली आली, गर्भजलही पुरेसं होतं. पहाटे घरी आलो. त्या चौकटीत तिनं '७, दोन तास, दवाखाना' लिहिलं. अशी एखादी फेरी रिकामी गेली तर जाऊ दे. पण चांगली पट्टी त्या घटकेची असते, उद्याची हमी नसते, म्हणून मोजणं दुसऱ्या रात्रीही चालूच ठेवलं.

छत्तिसाव्या आठवड्यात ठिपके पुन्हा तांबड्या रेघेवर चढायला लागले, १५०/९८, १५२/१००. गोळी वाढवली. गंभीर लक्षणं नसली तरी सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर थांबत नाहीत, कारण बाळ आत ठेवून आता फायदा कमी आणि धोका जास्त. सदतीस आठवडे एक दिवस झाल्यावर कळा आणायचं औषध दिलं. मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅम.

घरात सगळ्यांना वाटलं, तक्ता संपला. मी दुसरा कागद जोडला आणि आठवड्यांच्या जागी दिवस लिहिले. बाळंतपणानंतर बीपी लगेच उतरत नाही. बहुतेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातं, आणि तेव्हा बाई घरी येऊन तेल-पाण्यात, बारशाच्या बोलण्यात गुंतलेली असते. दुसऱ्या दिवशी १३४/८६ होतं. चौथ्या दिवशी सकाळी १५६/१०२, आणि विचारल्यावर म्हणाली, "डोकं जड आहे, झोप झाली नाही ना." मी तक्त्यात 'डोकं जड' लिहिलं, झोपेचं लिहिलं नाही, आणि मॅडमना फोन लावला. निफेडिपिन ही बीपीची दुसरी गोळी जोडली. बाळाला पाजणं चालूच राहिलं. तीन दिवसांनी आकडा रेघेखाली आला, गोळ्या हळूहळू कमी केल्या, सहाव्या आठवड्यात बंद. तेव्हाचा शेवटचा ठिपका ११८/७६, बसून, मोठा पट्टा, लघवी शून्य.