बापानं दिलेलं वावर: मालकी कोणाची, वारसा कोणाचा

तुम्ही विचारलंत: "ताई, बापानं देल्लेलं वावर माह्या नावावर हाये. ते इकाले नवऱ्याची सही लागते काय? अन् मी मेल्यावर ते कोनाले जाईन?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नाही लागत. दुसऱ्याचं उत्तर वावर तुमच्याकडे कोणत्या कागदानं आलं यावर ठरतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा दुसरा भाग मी जितका समजावून सांगते तितका दुसरा कुठलाही नाही, कारण बायकांना तो कोणी सांगितलेलाच नसतो.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला. त्याआधी विधवेला मिळालेली जमीन बहुतेक वेळा तिच्या हयातीपुरतीच असायची. ती कसून खायची, पण विकायची म्हटलं तर नवऱ्याकडचे लोक आडवे यायचे. १९५६ च्या कायद्याच्या कलम १४ नं हे संपवलं. बाईला वारसानं मिळालेलं, बक्षीस मिळालेलं, वाटणीत आलेलं, पोटगीपोटी दिलेलं, स्वतःच्या कमाईनं घेतलेलं आणि लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर कोणीही दिलेलं स्त्रीधन, हे सगळं तिच्या पूर्ण मालकीचं. ते सोनं असो की शेत, देणारा नात्यातला असो की परका. म्हणून विक्रीखतावर तुमची एकटीची सही पुरते. घेणारा सावधपणा म्हणून नवऱ्याला 'संमती देणार' म्हणून उभं करायला सांगतो, तो त्याचा आग्रह आहे, कायद्याची अट नाही. सही दिली म्हणून नवरा मालक होत नाही. मात्र विक्रीचा पैसा तुमच्या खात्यात जमा होतोय ना, हे पाहा. वावर तुमचं होतं तसा त्याचा पैसाही तुमचाच.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी समजावण्यासाठी रचलंय, पण अशा घरांतल्या गोष्टी आमच्याकडे रोज येतात. समजा दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्यानं स्वतःच्या कमाईनं घेतलेलं सहा एकर वावर आहे. घरात बायको, एक मुलगा, दोन मुली. मोठीचं लग्न झालं, मूलबाळ नाही. बापाला तिची काळजी, म्हणून त्यानं हयातीतच तिला दोन एकर बक्षीसपत्रानं दिलं. काही वर्षांनी तो गेला, मृत्युपत्र न करता. उरलेल्या चार एकरांना चार वारस: बायको, मुलगा आणि दोन्ही मुली. प्रत्येकाला एकेक एकर. म्हणजे मोठीकडे आता तीन एकर झालं, दोन बक्षिसाचं आणि एक वारसाचं. धुऱ्याला धुरा लागून, कपाशी-तूर एकच, नांगरही एकच. ती जिवंत आहे तोवर या तीन एकरांत मालकीचा काहीच फरक नाही. तिन्ही एकर ती विकेल, गहाण ठेवेल, कोणालाही देईल.

फरक पडतो तो ती मृत्युपत्र न करता गेली तर. कलम १५ सांगतं की बाईची मालमत्ता आधी तिच्या मुलामुलींना आणि नवऱ्याला जाते, ते कोणी नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यानंतर कुठे तिच्या आईवडिलांचा नंबर लागतो. पण याच कलमात एक अपवाद आहे. जी मालमत्ता बाईला आई किंवा वडिलांकडून वारसानं आली, ती तिला मूल किंवा नातवंड नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. इथे नवरा जिवंत असला तरी त्याला त्यातलं काही मिळत नाही.

आता मोठीचं तीन एकर मोजा. वारसानं आलेलं एक एकर तिच्या आईला, भावाला आणि बहिणीला जाईल, साधारण तेरा-तेरा गुंठे. नवऱ्यानं त्यात पंधरा वर्षं घाम गाळला असला तरी. आणि बापानं बक्षीसपत्रानं दिलेलं दोन एकर? ते 'वारसानं आलेलं' धरत नाहीत, कारण बाप जिवंत असताना त्यानं स्वतःच्या हातानं दिलं. म्हणून ते नवऱ्याला जाईल. नवरा आधीच गेला असेल तर सासूला, ती नसेल तर पुढे सासरा, दीर, नणंदा, असं नवऱ्याच्या वारसांकडे. ज्या बापानं मुलीच्या काळजीनं वेगळं काढून दिलं, त्याचंच वावर तिच्या माघारी सासरच्या नावावर चढतं. बापाला हे ठाऊक असतं तर त्यानं निदान तिला मृत्युपत्र करून ठेवायला सांगितलं असतं. लोकांना वाटतं, माहेरचं ते माहेरी परत जातंच. कायदा माहेर-सासर पाहत नाही, तो मालमत्ता कोणत्या वाटेनं आली ते पाहतो.

यातलं सगळ्यात दुखावणारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालात आहे, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. नारायणी देवी नावाच्या बाईचं लग्न १९५५ साली झालं आणि तीनच महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिची बँकेतली ठेव, भविष्य निर्वाह निधी, सगळी स्वतःची कमाई. न्यायालयानं ती माहेरच्यांना दिली नाही. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली, कारण कलम १५ चा क्रम तसा आहे आणि सहानुभूतीवर तो बदलत नाही. हा निकाल वाचला की मला अजूनही राग येतो. पण तिनं दोन साक्षीदारांसमोर एक कागद केला असता तर ज्यांनी तिला सांभाळलं त्यांनाच ते मिळालं असतं.

वावराच्या बाबतीत आणखी दोन जागा तपासा. पहिली म्हणजे बक्षीसपत्रातली भाषा. कधी लिहिणारा जुन्या सवयीनं घालतो, 'मुलीने हयातभर उपभोग घ्यावा, विकू नये, तिच्या पश्चात भावाकडे जावे'. असं लिहिलं असेल तर कलम १४ चं दुसरं पोटकलम लागू पडून तुमचा हक्क हयातीपुरताच राहू शकतो. म्हणून सही होण्याआधी कागद कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, दोन साक्षीदार हवेत, आणि देणारा जिवंत असतानाच तुम्ही ते स्वीकारलेलं हवं. बापानं मुलीला शेती बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, तेव्हा खर्चाचं कारण सांगून साध्या बाँडवर लिहून देत असतील तर ऐकू नका. त्या कागदानं जमीन तुमची होत नाही.

दुसरी जागा म्हणजे सातबारा. फेरफार झाल्यावर तुमचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात आलं का, की 'इतर हक्क' मध्ये टाकलं, ते पाहा. बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची जुनी रीत अजून दिसते. त्यानं मालकी जात नाही, सातबारा ही महसुलाची नोंद आहे, ती मालकी निर्माण करत नाही. पण पीककर्ज आणि विक्री दोन्ही तिथेच अडतात. आणि एकत्र नोंद असलेलं वारसाचं वावर वाटणी न होता विकायचं ठरवलंत तर कलम २२ प्रमाणे भावाबहिणींना ते आधी घेण्याचा हक्क आहे. बक्षिसाच्या वावराला ही अडचण नाही.

सोन्याबद्दलही विचारता, तर तेही सांगते. एकदाणी, पोत, पाटल्या, लग्नात मामानं घातलेली अंगठी, हे तुमचं स्त्रीधन. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधनात नवरा भागीदार नसतो. सासरी ठेवायला दिलेलं ते विश्वासानं सोपवलेलं आहे, मागितल्यावर परत द्यायचं. नाही दिलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याचीच राहते, असं न्यायालयानं २०२४ मध्येही म्हटलं आहे. पेरणीच्या वेळी बी-बियाण्यासाठी दागिने गहाण ठेवणं आमच्या भागात घराघरात चालतं, त्याला मी नाही म्हणत नाही. पण पावती तुमच्या नावाची करून घ्या, वजन लिहून घ्या. पुढे भांडण झालं तर 'दागिने घातले होते की नव्हते' यावरच निम्मी केस अडते. हुंडाबंदीखालच्या १९८५ च्या नियमांत लग्नातल्या भेटींची यादी करायला सांगितली आहे: वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं, आणि वधूवर दोघांच्या सह्या. आता मागून ती होणार नाही. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं असेल तर तिची करून ठेवा. घरात त्रास होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत द्यायचा आदेश देऊ शकतात.

एक मर्यादा विसरू नका. हा कायदा हिंदूंना, आणि बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागू आहे. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. तिथे रूढी पाहावी लागते, आणि जमीन हस्तांतरणाचे वेगळे निर्बंध आहेत. मुस्लिम बहिणींचा वारसा त्यांच्या कायद्यानं. या घरांतल्या बायांनी माझ्या वरच्या एकर-गुंठ्यांच्या हिशेबावर विसंबू नये.

आणि मृत्युपत्राचं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर पुढचा वाद कमी होतो. तुमची सही किंवा अंगठा, आणि तुम्ही सही केलेली पाहणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. ज्याला वावर देताय त्याला साक्षीदार करू नका. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. बक्षिसाचं वावर आणि वारसाचं वावर वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणाला जायचं ते नाव लिहा. नवऱ्याला द्यायचं असेल तर तसं, पुतण्याला द्यायचं असेल तर तसं, आईला द्यायचं असेल तर तसं. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं केलेलं ते खरं धरलं जातं, म्हणून तारीख घालायला विसरू नका.