तुम्ही विचारलंत म्हणून: मधली पेटी

«सर, दरवर्षी नव्या ट्रेनींना बागेपासून दुकानापर्यंतचा प्रवास सांगायला उभे राहता आणि अर्धा वेळ एकाच कंटेनरवर घालवता. का?»

कारण तुमच्या तक्त्यावर बाग, पॅकहाऊस, बंदर, जहाज, दुकान ही सगळी घरं सारख्या आकाराची असतात. नाशिकच्या द्राक्षांचा घड रॉटरडॅमला कसा उतरणार, हे बरंचसं तोडणीनंतरच्या पहिल्या 7-8 तासांतच ठरतं. पहाटे तोडायचं, उन्हं चढायच्या आत क्रेट पॅकहाऊसला पोचवायचे आणि पेट्या भरल्या की प्रीकूलिंगमध्ये मण्याच्या आतलं तापमान 4 अंशांखाली आणायचं. मलाही हे एके काळी कारकुनी काम वाटायचं.

मार्चअखेरचा दिवस. मजूर उशिरा आले, तोडणी लांबली, दुपारी वीज गेली आणि जनरेटरवर प्रीकूलिंगचे निम्मेच पंखे चालले. रात्री रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, दारात उभा; न्हावा-शेवा बंदरात तो पोचवायची शेवटची वेळ, कट-ऑफ, सकाळची. मी पॅलेटवरच्या थप्पीत कडेच्या पेटीत तापमानाचा प्रोब खुपसला: 3 अंश. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, मधली पण बघा ना." बघितली. 9. म्हटलं, "रीफर उणे अर्ध्या अंशावर लावलाय, रात्रीत तापमान खाली खेचेल." सही केली.

रीफर खेचत नाही. तो गार मालाचा गारवा टिकवण्यासाठी असतो. त्याची हवा जमिनीतून वर येते आणि दाटीवाटीच्या पॅलेटच्या पोटात शिरायला तिला दिवस लागतात. तोवर मधल्या पेट्यांत, प्लॅस्टिकच्या आत, पाणी सुटलं. मण्यांवर ठेवलेला ग्रेप गार्डचा कागद ओलाव्याने बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडतो. काही आठवडे पुरायचा वायू त्याने सुरुवातीलाच उधळला. तिकडून फोटो आले: देठाजवळ मणी पांढरे पडलेले, देठ तपकिरी, काही पनेटच्या डब्यांत राखाडी बुरशी. कडेच्या पेट्या मात्र टवटवीत.

मी आधी जहाजावर ढकललं, हेही सांगतो. पण तापमान नोंदवणारा लॉगर कंटेनरची हवा मोजत होता आणि ती रेघ सुरुवातीपासून सरळ होती. नुकसान बागायतदाराच्या बिलातून कापलं गेलं. तो एवढंच म्हणाला, "पास तर तुम्हीच केला होता ना?"

आता तुम्ही म्हणाल, थांबवायचा होता. कट-ऑफ चुकलं की पुढच्या जहाजापर्यंत माल कोल्ड स्टोअरमध्ये म्हातारा होतो आणि मार्चअखेरचा भाव कुणासाठी थांबत नाही. तेव्हाचा मी अगदीच मूर्ख नव्हतो. पण तो हिशेब मांडताना मी मधली पेटी वजा केली होती. 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास लांबला, चुकीला जागा आणखी कमी उरली.

गेल्या हंगामात मधल्या पेटीत 5 अंश निघाले. गाडी सोडली. माल बरा उतरला. भाषणात मात्र हे मी कधी सांगितलेलं नाही.