तक्ता, भाग ६: मार्शमॅलोची ओळ बसली, मिलग्रॅमची उसवली

मानसशास्त्रातल्या गाजलेल्या प्रयोगांचा तक्ता करतोय, त्यातल्या एका ओळीने तीन रविवार खाल्ले. गटाच्या दबावाखाली माणूस चुकीचं उत्तर देतो का हे पाहणारा ॲश आणि हुकमावरून दुसऱ्याला विजेचे झटके देतो का हे पाहणारा मिलग्रॅम एकेका बैठकीत उरकले होते. म्हणून मार्शमॅलोही, म्हणजे समोरचा खाऊ लगेच न खाता जास्त मिळेपर्यंत मूल किती थांबतं हे पाहणारा प्रयोग, तासाभराचं काम आहे असं मागच्या भागात लिहून बसलो. भोवलं.

अडलं ते ‘नमुना’ या रकान्यात. १९९० चा शोदा, मिशेल आणि पीक यांचा पेपर, मुलं स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरी शाळेतली. आधी ६५३ लिहिलं, कारण प्रयोगात बसलेली मुलं तेवढी होती. मग दिसलं की पुढच्या पाहणीला उत्तरं आली १८५ जणांचीच. आणि ‘थांबलेल्या मुलांना सॅट या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण’ हे जे सगळे मिरवतात, ते उभं आहे ३५ मुलांवर. खाऊ समोर उघडा ठेवलेला आणि मन रमवायची युक्ती कोणी सांगितलेली नाही, अशी फक्त ही ३५. त्यांच्यात थांबण्याच्या वेळेचा गणिताच्या गुणांशी सहसंबंध ०.५७ आला. मग रकान्यात लिहू तरी काय?

आधी सेल मर्ज करून तिन्ही आकडे कोंबले. एक्सेलमध्ये मर्ज केलं की सॉर्ट आडवं येतं, हे माहीत असूनही केलं. त्यात भुसावळची मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी नावापुरती. शेवटी वहीवर आखलं तेव्हा सुचलं, की ओळ पेपरची नसते, निष्कर्षाची असते. एका पेपरच्या दोन-तीन ओळी होऊ द्यायच्या, आणि नमुन्याचे रकाने तीन: सुरुवातीला, टिकले, या निष्कर्षात वापरले.

मग ‘टीका’ही आपोआप हलकी झाली. वॉट्स, डंकन आणि क्वान यांचं २०१८ चं काम मी टीकेत दोन वाक्यांत दाबलं होतं. पण ते स्वतःच ९१८ मुलांचं संशोधन आहे. त्यांनाही पंधराव्या वर्षीच्या गुणांशी संबंध दिसला, पण मूळच्या साधारण निम्मा. घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक चुणूक हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळाला. मात्र त्यांनी मुलांना सातच मिनिटं थांबवलं होतं, म्हणजे त्या ओळीलाही स्वतःची टीका हवीच. आता टीकेत फक्त ओळीचा क्रमांक लिहितो.

हे टाइप करतानाच किड यांचा २०१३ चा प्रयोग आठवला. २८ मुलं. ज्यांना आधी दिलेला शब्द मोडला गेला ती सरासरी तीनेक मिनिटं थांबली, ज्यांना पाळला गेला ती बारा. आमचा भाचा ‘नंतर देते’ ऐकल्याबरोबर हातातली शेव संपवतो, त्याला संयम कमी म्हणायचं की अनुभव जास्त? ही टीका नमुन्यावर नाही, अर्थावर आहे. म्हणजे टीकेचा प्रकार सांगणारा आणखी एक रकाना आला. ए-थ्रीवर मावणार नाही आता, जळगावच्या झेरॉक्सवाल्याकडे प्लॉटर आहे का विचारतो.

आणि मिलग्रॅमची ‘झालेली’ ओळ परत उघडली. नमुना ४० लिहिलाय, ४५० व्होल्टपर्यंत गेले २६. पण ते एकाच मांडणीतले. बाकीच्या मांडण्यांच्या ओळी कुठायत?