तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा आंबे आणि टी-टेस्ट

"मॅडम, पेपरात झेड-टेस्ट लावायची की टी, हे कसं ओळखायचं? आणि पी-व्हॅल्यू आली की पुढे नेमकं काय लिहायचं?"

रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवायचं तर उदाहरणाला हापूस सोडून दुसरं काही घ्यायला मुलं तयार नसतात, म्हणून हापूसच घेऊ. बागायतदार सांगतो की या प्रतीच्या फळाचं सरासरी वजन २५० ग्रॅम आहे. आपण त्याच्या मालातून कुठलीही १६ फळं उचलून तोलली. सरासरी आली २४४ ग्रॅम आणि या सोळा फळांवरूनच काढलेलं प्रमाण विचलन आलं १२ ग्रॅम. बागायतदाराचा आकडा ५ टक्के पातळीवर टिकतो का?

बहुतेक मुलं नमुना ३० च्या वर की खाली एवढंच बघतात. इथे त्या सवयीने उत्तर बरोबर येईल, पण खरा निकष तो नाही. आधी बघायचं ते हे, की प्रमाण विचलन कोणाचं आहे. 'वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून सगळ्या मालाचं प्रमाण विचलन १२ ग्रॅम असल्याचं माहीत आहे' असं गणितात दिलं असेल आणि वजनं नॉर्मल वितरणाची मानली असतील, तर फळं सोळाच असली तरी झेड. ते १२ याच सोळा फळांतून निघालं असेल तर टी. नमुना मोठा झाला की दोन्ही तक्ते जवळ येतात, म्हणून तिथे झेड चालवून घेतात. तीसचा आकडा त्या सवलतीतून आलाय.

फरक का पडतो? सोळा फळांवरून काढलेलं विचलन स्वतःच डळमळीत असतं. दुसरी सोळा फळं उचलली तर ते ९ येईल किंवा १५. योगायोगाने लहान आलं की भागाकार उगाच फुगतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो. टी-वितरणाच्या शेपट्या जाड असतात त्या यासाठीच. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या विल्यम गॉसेटला नेमकी हीच लहान नमुन्यांची अडचण होती. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने तिच्यावर लेख लिहिला.

आता आकडे घालू:

t = (२४४ − २५०) ÷ (१२ ÷ √१६) = −६ ÷ ३ = −२

हे झेड समजून सोडवलं तर तक्त्यातली सीमा १.९६. आपला आकडा २, म्हणजे बागायतदार खोटा ठरला. टीच्या तक्त्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम १५ ची ओळ बघा: दोन्ही बाजूंची सीमा २.१३१. आता तो सुटला! मुद्दाम असे आकडे देणारे परीक्षक असतात, आणि मला ते आवडतात. (एक खाच: काही पुस्तकं नमुन्याचं विचलन काढताना n ने भागतात. तसं दिलं असेल तर √१६ च्या जागी √१५ घ्यायचं.)

पी-व्हॅल्यू झेडने सुमारे ०.०४६ येते, टीने ०.०६४. परीक्षेत छापील तक्त्यातून एवढी नेमकी मिळत नाही. १५ च्या ओळीत २ हा आकडा १.७५३ आणि २.१३१ यांच्या मधे पडतो, म्हणून पी ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान, एवढं लिहिलं तरी निर्णयाला पुरतं.

मार्क जातात ते पुढच्या वाक्यात. 'सरासरी २५० असण्याची शक्यता ६.४ टक्के' असं लिहू नका. पी-व्हॅल्यू काढताना सरासरी २५० आहे हे आपण धरूनच चाललो होतो. त्याच गोष्टीची शक्यता त्यातून कशी निघेल? म्हणायचं ते असं: सरासरी खरोखरच २५० असेल, तर सोळा फळांच्या नमुन्यात टीचा आकडा शून्यापासून, कुठल्याही बाजूला, २ इतका किंवा त्याहून लांब जाण्याची शक्यता सुमारे ६.४ टक्के.

आणि 'नल हायपोथेसिस सिद्ध झाला' हेही नको. ९५ टक्क्यांचा विश्वासांतराळ काढून बघा: २४४ ± २.१३१ × ३, म्हणजे साधारण २३७.६ ते २५०.४. त्यात २५० जेमतेम बसतो, पण २४० सुद्धा आरामात बसतो. एखाद्या व्यापाऱ्याने सरासरी २४० आहे म्हटलं असतं तर याच फळांनी त्यालाही नाकारलं नसतं. म्हणून लिहायचं, 'नाकारण्याइतका पुरावा या नमुन्यात नाही.'

प्रश्नात 'वजन वेगळं आहे का' ऐवजी 'कमी आहे का' असं विचारलं असेल, तर मात्र एकाच बाजूची शेपटी घ्यायची. सीमा १.७५३ वर येते, पी निम्मी होऊन ०.०३२, आणि बागायतदाराचा दावा नाकारला जातो. ही बाजू प्रश्नाच्या शब्दांवरून ठरते, फळं तोलण्याआधी. नमुना कमी भरला हे बघून मग 'कमी'ची बाजू धरलीत, तर ते ०.०३२ खरं नाही.